ताई, एवढं ऑर्गनाइज करून दे न

पॅकर्स. कूलर ताट्या. गॅस. अ‍ॅग्रीमेंट!!! शाळेची बस. आईंचे डोळे. डिपॉझिट. खिडक्यांना जाळी. इंटरनेट. कुरड्या. दूधवाला पेपर. आरओ काढणे लावणे. कामवाली बघणे तिकडे. लोणचं!! बँक पत्ता. रद्दी. गॅस. पंखे किती आहेत तिकडे. कूलर स्टँड. देवघर कुठे. जुने मालक हिशेब.

हा निम्म्याहून जास्त भाग. असल्या एकतीस ओळी, वर-खाली, कुठे एक शब्द तर कुठे अख्खं वाक्य, माझ्या धाकट्या बहिणीने ९ मेच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या आणि खाली लिहिलं, ‘ताई, एवढं ऑर्गनाइज करून दे न.’ बस. पुढे एक झोपलेला चेहरा.

तिची परिस्थिती मला माहीत होती. नागपूरच्या महाल भागात ते राहतात तो वाडा पाडायला घेणार आहेत, ३१ मेपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने ठरला होता, टोकनही दिलं होतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मुलगा सहावीत जाणार, बहीण बँकेत नोकरीला, आणि महिना मे. नागपूरचा मे.

माझं कामच याद्यांचं आहे. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर मी बुकिंग आणि कार्यक्रमांचं बघते. वधूपिते, वरमाया, त्यांचे भाचे, सगळे याद्या घेऊनच येतात. पाकिटामागे लिहिलेल्या, डायरीत लिहिलेल्या, नुसत्या बोललेल्या. ‘हे जरा लावून द्या न मॅडम’ असं म्हणतात, पण लावून द्यायचं म्हणजे नेमकं काय ते कोणी सांगत नाही. एकाला हवं असतं की हॉलचं हॉलशी, जेवणाचं जेवणाशी असं एकत्र यावं. दुसऱ्याला हवं असतं, आधी काय करू ते. तिसऱ्याला तर सोमवारी सकाळी दहाला कुठे जाऊ इथपर्यंत सगळं हवं असतं. यादी एकच, पण या तीन मागण्या वेगवेगळ्या आहेत आणि तिघांसाठी लागणारी माहितीही तीन वेगवेगळ्या ठिकाणी असते. विषयवार गट करायला लागणारं सगळं यादीतच असतं, कोणाला काही विचारावं लागत नाही. क्रम लावायला लागतं ते यादीवाल्याच्या डोक्यात असतं. आणि वेळापत्रक करायला लागतं ते दोन्हीकडे नसतं. ते घड्याळात, रस्त्यात आणि दुकानांच्या शटरवर असतं. म्हणून यादी आली की मी आधी हे बघते, यातलं माझ्याकडे काय आहे.

बहिणीच्या यादीला हात लावायच्या आधी ती जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येक ओळीला आकडा दिला. हे कंटाळवाणं काम आहे, पण याद्या लावताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते गळतीने. नीटनेटकी झालेली यादी दिसायला इतकी छान असते की त्यातून तीन गोष्टी गळाल्या हे मालकालाही कळत नाही. एकतीस आत आल्या तर एकतीस बाहेर गेल्या पाहिजेत, नाहीतर कुठे गेल्या ते लिहिलेलं पाहिजे. शब्दही तिचेच ठेवले. ‘पंखे किती आहेत तिकडे’ याचं मी ‘विद्युत उपकरणांची पाहणी’ केलं असतं तर तिलाच दोन मिनिटं लागली असती, हे आपण कधी लिहिलं म्हणून.

मग जोडून आलेल्या ओळी फोडल्या. दूधवाला आणि पेपरवाला एका ओळीत होते, पण दोघांचा हिशेब वेगळा. आरओ काढणे आणि लावणे ही तर दोन वेगळ्या दिवसांची, दोन वेगळ्या घरांतली कामं. ‘गॅस’ दोनदा होतं. सहसा अशा वेळी एक खोडून टाकावंसं वाटतं. पण पहिलं ‘गॅस’ कूलर आणि पॅकर्सच्या शेजारी होतं, दुसरं बँकेच्या पत्त्याच्या आणि रद्दीच्या आसपास. फोन केला.

‘दोनदा काहून लिहिलं गॅस?’

‘एक शेगडीचं आहे न ताई, तिचा एक बर्नर बंद आहे. आणि एक कनेक्शन तिकडच्या एजन्सीत न्यायचं.’

म्हणजे खोडलं असतं तर एक काम गेलंच असतं. तिने कुठल्या शेजारात कोणता शब्द लिहिला, हीसुद्धा माहितीच असते. रात्री दमून लिहिताना माणूस मनातल्या मनात घरभर फिरत असतो. स्वयंपाकघरात असताना त्याला शेगडी आठवते, कपाटासमोर असताना कागद.

फोडाफोडी करून चौतीस झाले. त्यातल्या दोन ओळी कामंच नव्हती. एक होती ‘आईंचे डोळे’, तिच्याकडे पुढे येते. दुसरी, नव्या घरमालकांचा फोन नंबर, कुठे सापडावा म्हणून यादीत टाकलेला. तो वर कोपऱ्यात नेला. अशा गोष्टी जवळजवळ प्रत्येक यादीत निघतात. त्यांना कामांच्या रांगेत उभं केलं की त्या कधीच पुऱ्या होत नाहीत आणि यादी संपत नाही.

आता लावायचं कसं?

विषयवार गट दहा मिनिटांत झाले. जुनं घर, नवं घर, कागदपत्रं, स्वयंपाकघर, मुलगा आणि आई. दिसायला सुरेख. आणि त्याच गोष्टीचा मला त्रास व्हायला लागला. ‘कागदपत्रं’ या गटात अ‍ॅग्रीमेंट, बँकेचा पत्ता, गॅसची ट्रान्सफर, शाळेच्या बसचा अर्ज, सगळे एका खाली एक, सारख्याच उंचीचे. बहिणीने ही यादी फ्रिजवर लावली असती आणि माझी खात्री आहे, सुरुवात स्वयंपाकघरापासून केली असती, कारण ती कामं तिला आवडतात आणि घरबसल्या होतात. विषयवार यादी कुठे काय आहे ते दाखवते, पण कशासाठी काय अडलंय ते झाकून टाकते. नव्या घराच्या गटातलं एक काम कागदांच्या गटातल्या दुसऱ्या कामावर अडलेलं असेल तर ती दोरी गटांच्या भिंतीत तुटते.

याचा अर्थ ही मांडणी वाईट असा नाही. आमच्याकडे लग्नाला तीन-चार महिने असताना मुलीचे वडील येतात तेव्हा मी हीच देते. तेव्हा वेळ भरपूर असतो आणि खरा प्रश्न असतो कोणी काय बघायचं हा. जेवणाचा गट काकाकडे, दागिने-कपडे आत्याकडे, गाड्या भाच्याकडे. गट पाडले की यादी वाटता येते. बहिणीकडे वाटून घ्यायला माणसं किती, तर ती आणि तिचे यजमान प्रशांतराव. आणि वेळ जेमतेम तीन आठवडे.

प्रशांतरावांनी त्याआधीच एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं होतं. बहिणीने तेही पाठवलं, ‘हे पण बघ’ म्हणून. बघण्यासारखं होतंच. रविवार, ९ ते ९.३० शेगडी दुरुस्ती, ९.३० ते १०.३० मनीषनगरला खिडक्यांची मापं, १०.३० ते ११ पॅकर्सवाल्याला भेटणे, ११ ते १२ रद्दी, १२ ते १ जाळीवाला, असं रात्री आठपर्यंत. रंग वगैरे भरलेले. महालातून मनीषनगरला जायला वेळ लागतो, ही गोष्ट त्यात कुठे नव्हतीच. साडेनऊला शेगडी झाली की साडेनऊला माणूस मनीषनगरात. शिवाय मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेरची कामं कोण करतं इथे? पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो, जाळीवाला स्वतः कूलरसमोर झोपलेला असतो. मी त्या रविवारच्या कामांचे तास जोडले तर अकरा आले. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाचनंतरचे दोन-तीन, असे खरोखर हाती येणारे तास सात. तो रविवार गेला होता आणि पहिल्याच चौकटीपाशी अडकला होता, कारण शेगडीवाला आलाच नाही. मग पुढचं सगळंच खोटं झालं आणि त्यांनी फाइल उघडणंच सोडलं.

वेळापत्रकाची ही खोड असते. एक चौकट सरकली की खालच्या सगळ्या सरकतात, आणि मग माणूस ते दुरुस्त करत नाही, टाकून देतो. दुसरं असं की वेळापत्रक करणारा नकळत माहिती बनवतो. रद्दीला एक तास लागेल हे प्रशांतरावांना कुठून कळलं? कुठूनच नाही, चौकट एक तासाची होती. म्हणून दुसऱ्याच्या यादीवर, त्याने न सांगितलेल्या वेळा मी कधी टाकत नाही. त्या टाकल्या की यादी एकदम पक्की दिसते, आणि त्या वेळा नुसत्या अंदाजाने लिहिल्यात हे कुठेच दिसत नाही.

राहिला क्रम. या यादीला एक टोक पक्कं होतं, ३१ मे, आणि ते हलणारं नव्हतं. पक्की तारीख आणि एकमेकांवर अडलेली कामं, ही दोन्ही ज्या यादीत दिसतात तिथे मी क्रमच धरते. पण क्रम म्हणजे कशाचा क्रम? बहिणीने अ‍ॅग्रीमेंटला तीन उद्गारचिन्हं दिली होती आणि लोणच्याला दोन. उद्गारचिन्हांवरून तिला कशाची धास्ती आहे ते कळतं, काय आधी करायचं ते कळत नाही. ‘महत्त्वाचं काय ते सांग’ असं विचारलं की लोक म्हणतात सगळंच महत्त्वाचं, आणि ते खोटंही नसतं.

म्हणून मी तसं विचारत नाही. फोनवर एकेक ओळ वाचत गेले आणि एकच प्रश्न विचारत गेले, ‘हे ३१ पर्यंत झालंच नाही तर काय होईल?’ उत्तरं तीन तऱ्हेची आली. काही ठिकाणी ती गप्प झाली आणि म्हणाली, ‘मग जाताच येत नाही तिकडे.’ काही ठिकाणी, ‘पैसे जातील.’ आणि बऱ्याच ठिकाणी, ‘काही नाही होत वं, नंतर करू.’ बँकेचा पत्ता, रद्दी, देवघर कुठे, शेगडीचा बर्नर, शाळेची बस, ही सगळी तिसऱ्यातली. शाळा तर विदर्भात जूनच्या शेवटी उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, तेव्हा बस हे जूनचं काम. बारा-तेरा ओळी अशा खाली गेल्या. तिला तिथेच हलकं वाटलं असावं, कारण आवाज बदलला.

मग ज्यांच्यावाचून अडेल अशा ओळी घेतल्या आणि ३१ तारखेपासून उलटं मोजायला बसले. प्रत्येक कामासमोर ते कधी संपवायचं हे न लिहिता, जास्तीत जास्त कधीपर्यंत सुरू केलं तर चालेल ते लिहायचं. ही एक गोष्ट मी लॉनवर शिकले. मांडववाल्याला लग्नाच्या दिवशी मांडव हवा असतो हे सगळ्यांना कळतं, पण त्याला सांगायची शेवटची तारीख कोणती हे कोणाच्याच यादीत नसतं.

तर असं. ३१ ला किल्ली परत. ३० हा दिवस झाडझूड आणि राहिलेल्या सामानासाठी मोकळा. सामान हलवायचं २८ ला, पहाटेच, कारण महिन्याच्या अगदी शेवटच्या दोन दिवसांत सगळं शहर घर बदलत असतं आणि टेम्पो मिळत नाहीत. म्हणजे २८ च्या रात्री चौघं मनीषनगरात झोपणार. नवतपा सुरू झालेला असणार, तिसरा मजला, वर गच्ची. कूलरशिवाय ती रात्र निघत नाही, त्यातून सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं. वाड्याच्या खिडक्या जुन्या, लाकडी, बाहेर लोखंडी स्टँड पिढ्यान्‌पिढ्या ठोकलेला. नव्या फ्लॅटला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. एक काच काढून तिथे कूलरचं तोंड बसवायचं आणि बाहेर नवा अँगलचा स्टँड. म्हणजे वेल्डर. मे महिन्यात वेल्डरकडे हेच काम असतं आणि त्याने बहिणीला सांगितलं होतं, माप घेतल्यापासून सहा दिवस. २७ ला स्टँड लागलेला हवा तर माप २१ च्या आत. मापाला फ्लॅटची किल्ली हवी. किल्ली घरमालक अ‍ॅग्रीमेंट झाल्यावर देणार. शिवाय बाहेरून स्टँड ठोकायचा तर सोसायटीला सांगावं लागतं, आणि सोसायटी आधी अ‍ॅग्रीमेंटची प्रत मागते.

अ‍ॅग्रीमेंट म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे. हल्ली एजंट मशीन घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे अंगठे घेतो, पण अंगठ्याला माणूस तर हवा. घरमालक राहतात पुण्याला. नागपूरला येणार १५ ला, एका दिवसासाठी.

इथे सगळी यादी उलगडली. ३१ मे ही तारीख सगळ्यांच्या तोंडी होती, पण गाडी खरी अडणार होती १५ ला. त्या दिवशी मसुदा वाचून तयार नसला, डिपॉझिटचा चेक लिहिलेला नसला किंवा दोन साक्षीदार हजर नसले तर किल्ली नाही. किल्ली नाही तर माप नाही, माप नाही तर स्टँड नाही, आणि कूलरशिवाय २८ ची रात्र. पंधरा तारखेची ओळ यादीत कुठेच नव्हती. ती फोनवर बोलता बोलता निघाली, ‘ते काय एका दिवसासाठीच येऊन राहिले’ म्हणून. यादीतला ‘कूलर स्टँड’ खाली एकोणिसावा होता, साधा, उद्गारचिन्हाशिवाय. विषयवार मांडणीत तो ‘नवं घर’ मध्ये पंखे आणि जाळीच्या मध्ये बसला होता. प्रशांतरावांच्या वेळापत्रकात २७ ला सकाळी अर्धा तास मिळाला होता त्याला. तोवर वेल्डरला सांगायची तारीख उलटून गेली असती.

आता ‘आईंचे डोळे’. मी आधी समजले तपासणीची तारीख. ती होतीच, २० ला. पण बहिणीच्या मनात दुसरं होतं. ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ, डोळ्यात पाणी, वाकून उचलणं हे सगळं टाळायला सांगितलेलं, आणि वाड्यातली माळ्यावरची भांडी, जुनी पुस्तकं, गाद्या हलवायच्या म्हणजे धुळीचा लोटच. हे काम नाही, ही अट आहे. अट इतर कामांवर लागते. तिला रांगेत नंबर द्यायचा नसतो, तिच्याप्रमाणे रांग बदलायची असते. माळा काढायच्या दिवशी आणि हलवायच्या दिवशी आई नंदनवनला मुलीकडे, असं ठरलं. त्यासाठी नणंदेला आधी विचारायचं, हे एक नवं काम यादीत वाढलं. पस्तिसावं.

मी जे लावून पाठवलं ते असं होतं. सर्वांत वर एक ओळ: ‘३१ ला किल्ली द्यायची आणि १५ ला नवे मालक येणार, हे धरून लावलंय. यातली एखादी तारीख बदलली तर सांग, सगळं बदलेल.’ ही ओळ मी कधीच सोडत नाही. मी काय गृहीत धरलं ते समोरच्याला दिसलं पाहिजे, म्हणजे चूक असेल तर तिथल्या तिथे सांगता येते. त्याखाली क्रमाने कामं, प्रत्येकापुढे सुरू करायची शेवटची तारीख. पहिली पाच अशी होती: एजंटकडून कराराचा मसुदा मागवणे, १०. दोन साक्षीदारांना १५ ची वेळ सांगणे, ११. वेल्डरला १६ चं माप सांगून ठेवणे, १२. पॅकर्सना २८ ची पहाट बुक करणे, १२. डिपॉझिटचा चेक, १४. वेल्डर आणि पॅकर्स मुद्दाम वर घेतले, कारण त्यांना फोन केला की आपलं काम पाच मिनिटांचं, बाकीचे दिवस त्यांचे. दुसऱ्याच्या हातात जाऊन वाट बघावी लागणारी कामं आधी सोडायची, हा माझा लॉनवरचा नेम.

विषयवार गट मी फेकून दिले नाहीत. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अक्षर घातलं, म महालासाठी, न नव्या घरासाठी, फ फोनवर होणारं. प्रशांतराव मनीषनगरला निघाले की न वर नजर फिरवायची, तिथलं जे असेल ते एका फेरीत. बहीण बँकेतल्या डब्याच्या सुट्टीत फ वाली उरकायची. आणि वेळापत्रक? ते फक्त २७ ते ३० या चार दिवसांसाठी केलं, कारण तिथे टेम्पो, लिफ्ट, वेल्डर, आरओवाला, सगळ्यांच्या वेळा खरोखर ठरलेल्या होत्या. त्यातही दुपारी बारा ते साडेचार कोरे सोडले. आमच्याकडेही लग्नाच्या दिवसाचं मिनिटामिनिटाचं पत्रक असतं, पण ते त्या दिवसाचंच. महिनाभर आधीपासून मिनिटं मोजणारा वधूपिता मी अजून सुखी पाहिलेला नाही.

‘नंतर करू’ वाल्या ओळी अगदी खाली, वेगळ्या कागदावर, वर लिहिलं ‘जून’. त्यात कुरड्याही होत्या. तिनेच फोनवर म्हटलं होतं न, झाल्या नाहीत तर काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज. ‘सगळं मस्त. फक्त कुरड्या वर घेतल्या मी. या रविवारी करते.’

मी विचारलं काहून, एवढ्या धावपळीत?

‘तिकडे गच्ची कुलूपबंद असते वं. सोसायटीचा नियम आहे. वाळवू कुठे? वाड्याची गच्ची आहे तोवरच.’

गच्चीची गोष्ट यादीत नव्हती, फोनवरही निघाली नव्हती. ‘३१ पर्यंत झालं नाही तर काय होईल’ या प्रश्नात ती सापडणारही नव्हती, कारण काही अडणार नव्हतं, फक्त या घरात शेवटच्या म्हणून कुरड्या झाल्या नसत्या. क्रम लावायची माहिती यादीवाल्याच्या डोक्यात असते ती अशी. बाहेरच्याने कितीही नेटाने क्रम लावला तरी दोन-चार ओळी मालक उचलून वर-खाली करणारच, आणि केल्या नाहीत तर मला शंका येते की यादी वाचलीच नाही. म्हणून मी क्रम छापील आकड्यांनी पक्का करत नाही, तारखा लिहिते. ओळ उचलली तरी तारीख तिच्याबरोबर जाते.

लोणचं मात्र मी आधीच १८ ला धरलं होतं, तिने दोन उद्गारचिन्हं दिली म्हणून नाही, कैऱ्या महिनाअखेरीस पाड लागायला लागतात म्हणून.

१५ ला अंगठे झाले, साक्षीदार म्हणून शेजारचे दोघं आले होते. वेल्डरने माप १६ च्या ऐवजी १८ ला घेतलं आणि सहाच्या जागी आठ दिवस लावले, तरी २६ ला स्टँड लागला. २१ पर्यंत सवड होती ती तिथे कामी आली. २८ च्या पत्रकातली पहिली चौकटच पाऊण तास सरकली, टेम्पोवाला वाड्याच्या गल्लीत शिरेना म्हणून सामान चौकापर्यंत हातगाडीने न्यावं लागलं. पण बाराच्या आत शेवटची फेरी निघाली होती, आणि पुढची साडेचार तासांची कोरी जागा मोकळीच होती.

जूनच्या कागदावरच्या चार ओळी अजून बाकी आहेत. शेगडीचा तो बर्नर त्यातलाच.